दोन श्रावणांचे एक लेबल

नेरच्या पुंडलिकरावांचे पत्र मला १९५८च्या ऑक्टोबरात आले आणि सात वर्षे मी त्याला उत्तर दिले नाही. ते जोडकार्ड होते. एका भागावर त्यांचा मजकूर होता. दुसरा भाग माझ्या उत्तरासाठी कोरा होता आणि त्याच्या पाठीवर त्यांनी स्वतःच स्वतःचा पत्ता घालून ठेवला होता. मजकूर असा होता :

"रा. रा. गुरुजी यांस सा. न. वि. वि. माझी आई तानाबाई मागल्या महिन्यात आपल्या गावी माहेरी आली होती. तिने तुमच्या औषधाची बाटली आणली. माझी धाकटी मुलगी, वय चार, डांग्या खोकल्याने आजारी होती. औषध सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी उलट्या व जुलाब होऊन ती वारली. बाटलीवर श्रावण वद्य ५ असे आहे. यंदा श्रावण दोन झाले. औषध कोणत्या श्रावणातले? लिहिले आहे त्याहून वेगळे काही त्यात होते काय? आई एका वेळी दोन चमचे पाजत होती असे कबूल करते. त्याने मुलगी दगावली काय, ते कळवावे. घरात त्यावरून फार चालले आहे."

रागाचा एक शब्दही नव्हता. शिव्या असत्या तर कदाचित मी लगेच उत्तर लिहिले असते.

मी वैद्य नाही. महागावच्या शाळेत तीस वर्षे शिकवले, आणि पुस्तके वाचण्यापलीकडे मला फारसे काही आले नाही. निवृत्तीनंतर वैद्यकाची जुनी पुस्तके हाती लागली. त्यातले खोकल्याचे एक औषध मी घरी करून पाहिले ते इंदूबाई, म्हणजे माझी पत्नी, हिच्या दम्यासाठी. तिला बरे वाटले. मग शेजारपाजारचे मागू लागले. अडुळसा, रिंगणी, ज्येष्ठमध, बेहडा, पिंपळी यांचा काढा चौथाई राहीपर्यंत आटवायचा, गाळायचा, खडीसाखरेचा पाक करून त्यात घालायचा आणि पुरता निवल्यावर मध. काढा मी करी, पाक तिच्याकडे. दोन बोटांत थेंब धरून ती तार पाहायची आणि "अजून नाही" म्हणायची. माझ्या डोळ्यांना तयार दिसणारा पाक ती आणखी पाव तास चुलीवर ठेवी. १९५७ साली ती गेली. पुढच्या वर्षी पाक मीच पाहू लागलो.

पाला आणि मुळ्या लालीबाई आणून द्यायची. गावाबाहेरच्या तांड्यावर ती राहायची. गोरमाटी, म्हणजे बंजारा बाई, वयाने माझ्याच आसपास. कोणती मुळी कोणत्या ओढ्याकाठी आहे हे तिला जितके ठाऊक होते तितके माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. औषध ती बाजारात लोकांना सांगायची, लोक माझ्या ओट्यावर येऊन घेऊन जायचे. मी कोणाला तोंडाने काही समजावून सांगत नसे. सांगताना माझी जीभ अडखळते. म्हणून जे सांगायचे ते मी लेबलावर लिहायचो : औषधाचे नाव, आत काय काय आहे, केल्याची तिथी, मुलांना एक चमचा, मोठ्यांना दोन. अक्षर चांगले आहे एवढीच माझी हौस. शाईवर मेणबत्तीचा तुकडा फिरवायचा, म्हणजे ओघळ लागला तरी अक्षर फुटत नाही. चिकटवायला गव्हाची खळ. पुस्तके बांधणारे खळीत झुरळांसाठी मोरचूद घालतात, पण ते विष. औषधाच्या बाटलीवर नको म्हणून मी साधीच खळ लावी आणि लेबले झुरळांनी खाल्ली की पुन्हा लिही.

लालीबाई हसायची. "गुरुजी, बाटलीचं लगीन लावून राह्यले का काय? इतकं सजवता! अंदर तर कडू पानीच हाय."

"लोकांना कळायला हवे, आत काय आहे ते."

"वाचते कोन? आमच्या तांड्यात एक नायकाचा पोरगा वाचते, अन् तो खोकत नाही."

त्या वर्षी जुलैत मी बाजारात उकंड्याकडून बाटल्या घेतल्या. उकंडा भंगार आणि जुन्या बाटल्या विकायचा. पोत्यावर तो सगळ्या जातींच्या बाटल्या एकत्र मांडून बसे. मी तपकिरी काचेच्या वेगळ्या काढू लागलो. एकेक उन्हाकडे धरायची, आत तडा किंवा खडा आहे का पाहायचे, तोंडावरून बोट फिरवायचे, मग नाकाशी न्यायची. राकेलाचा वास असला की बाद, फिनेलचा असला की बाद. अंगावर उभ्या रेघा उठवलेल्या बाटल्या तर हातातच घ्यायच्या नाहीत. त्या विषाच्या असतात. अंधारातही बोटांना कळावे म्हणून तशा घडवतात.

"पांढऱ्या घ्या ना," उकंडा म्हणाला. "माल दिसते तरी. या भुऱ्या बाटलीत दवा हाय का राकेल, गिऱ्हाइकाले कसं समजन?"

"प्रकाशाने औषध बिघडते."

"मंग मानसायले पन भुऱ्या बाटलीतच ठेवा. हेही बिघडून राह्यले."

तपकिरी चौदाच चांगल्या निघाल्या. त्या मी राख आणि बारीक वाळू घालून खळखळून धुतल्या, पाण्यात उकळल्या आणि उलट्या ठेवून चार दिवस वाळवल्या. पावसाळा होता म्हणून मधूनमधून चुलीच्या उबेलाही ठेवल्या. आत वाफेचा ठिपका दिसेनासा झाला तेव्हाच भरल्या.

तो अधिक श्रावण होता. ऑगस्टचा पहिला आठवडा, वद्य पंचमी. लेबले लिहायला बसलो तर लालीबाई ओट्यावर बसून पिंपळी निवडत होती.

"काय लिहून राह्यले?"

"अधिक श्रावण वद्य पाच."

तिचा हात थांबला. "ते अधिक काढा गुरुजी. धोंड्याच्या महिन्यात केलेली दवा कोन घेईन? या महिन्यात लोक नवं लुगडं नेसत नाहीत."

"पण तिथी तीच आहे."

"मंग तीच लिवा. श्रावन लिवा. झूट थोडीच होते?"

मी एक शब्द गाळला. लोक नाकारतील आणि मग मला त्यांच्याशी बोलत बसावे लागेल, या भीतीने गाळला. ती बाई वाचू शकत नव्हती. लिहिणारा मी होतो. एका बैठकीत पंचवीस लेबले लिहून काढली. चौदा लागली, अकरा उरली.

उरलेल्या लेबलांनी पुढचे सगळे केले असे म्हणावेसे वाटते, पण ते खरे नाही. ती मी जपून ठेवली, कारण अक्षर सुंदर आले होते. महिनाभराने निज, म्हणजे खऱ्या श्रावणातली वद्य पंचमी यायची होती. त्याच दिवशी दुसरी खेप केली की लेबले वाया जाणार नाहीत आणि खोटीही ठरणार नाहीत, असा हिशेब मी मनात केला. शहाणपणाचा वाटला तो मला. खेपेचा आकडा लिहावा हे तेव्हा सुचलेच नाही. एकाच तारखेच्या दोन खेपा असतील असे कोणाच्या मनात येते?

दुसऱ्या खेपेच्या वेळी तपकिरी बाटल्या मिळाल्या नाहीत. उकंड्याकडे पांढऱ्या होत्या, त्या घेतल्या. खडीसाखर निम्मीच होती, राहिलेला गूळ घातला. मधही थोडा. लेबलावर मात्र खडीसाखर आणि मध असेच लिहिलेले होते. पाक पातळ राहिला. बोटांत तार धरत नव्हती हे मी पाहिले. पण पंचमी संपत आली होती आणि लेबलावर पंचमी होती. बाटल्या दोनच दिवस वाळल्या होत्या. भरताना एकीच्या तळाशी ओल चमकली. ती मी पुसून घ्यायला हवी होती, उलटी करून ठेवायला हवी होती. मी भरली.

सात बाटल्या लोकांनी नेल्या. कोणी नेल्या ते मी टिपून ठेवले नव्हते. वीस-बावीस दिवसांनी घरातल्या चारांपैकी एकीचे बूच रात्रीतून उडाले आणि भिंतीवर ओघळ गेला. दुसरीचे काढले तर फस्सकन आवाज झाला, आंबूस वास आला. चारही मी उकिरड्यावर ओतल्या.

आणि सात घरांत जाऊन सांगितले नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितले की कोणाकोणाकडे गेल्या ते मला ठाऊक नाही. लालीबाईला विचारले असते तर तिने पाच नावे तरी सांगितली असती. मी विचारले नाही. दाराशी उभे राहून "माझे औषध बिघडले आहे, फेकून द्या" असे म्हणणे माझ्याने झाले नसते, असे मी आजही म्हणतो, आणि ते म्हणताना मला माझाच राग येतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी जोडकार्ड आले.

उत्तरासाठी मला एकच गोष्ट हवी होती. बाटली तपकिरी होती की पांढरी, एवढे पुंडलिकरावांना विचारले असते तर खेप कळली असती. पहिली खेप नीट होती. तिची एक बाटली मी पुढे वर्षभर ठेवून चाखून पाहिली, ती बिघडली नाही. त्या कोऱ्या भागावर एक ओळ पुरली असती. पण ते "पांढरी" म्हणतील याची मला खात्री नव्हती आणि "तपकिरी" म्हणतील याचीही नव्हती. न विचारता दोन्ही शक्य राहत होते. त्यात मी सात वर्षे काढली.

मी काही केलेच नाही असे नव्हे. तिथी सोडून इंग्रजी तारीख लिहू लागलो. खेपेचा आकडा घातला. वहीत प्रत्येक खेपेचे सामान, बाटल्यांचा रंग, वाळवल्याचे दिवस आणि नेणाऱ्याचे नाव लिहू लागलो. काही बदलून घातले की नवे लेबल. तपकिरी बाटली नसेल तर त्या दिवशी औषधच नाही. प्रत्येक खेपेतली एक बाटली फळीवर ठेवून द्यायची, दर आठवड्याला पाहायची. लोक म्हणत, गुरुजी फार काटेकोर. मला ते ऐकवत नसे.

१९६५च्या मार्गशीर्षात लालीबाई पाला घेऊन आली. तिचे गुडघे धरले होते. टोपले उतरवून ती ओट्यावर टेकली.

"ताना आली हाय," ती म्हणाली. "भावाच्या घरी. आता इथंच राह्यते म्हने. लेकानं धाडलं."

"कोण ताना?"

मला माहीत होते. तरी विचारले.

"नेरची. नात मेली ना जिची? तवापासून पोराच्या घरात तिले कोन्या लेकराले हात लावू देत नाहीत. दुसरं पोरगं झालं सुनेले, ते बी दुरूनच पाहे म्हने. पानी पाजलं तरी सून गिलास हिसकून घे." लालीबाईने माझ्याकडे पाहिले. "दोन चमचे पाजले म्हून मेली म्हन्ते पोरगा. तुम्ही काही लिवलं होतं का त्याले? ती इचारत होती, गुरुजीनं काही जवाब धाडला का."

मी हातातली मुळी खाली ठेवली. सात वर्षे माझ्या मनात फक्त मेलेली मुलगी होती. या म्हातारीचा विचार मी कधी केला नव्हता. पत्रात तिच्यावरचा ठपका स्पष्ट लिहिलेला होता.

"नाही," मी म्हणालो. "मी लिहिले नाही."

"काहून?"

लालीबाईने टोपले बाजूला सारले. "चाला मंग," ती म्हणाली. "मी येतो संगं."

तानाबाई भावाच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बारीक, वाकलेली. मला पाहून तिने पदर सारखा केला आणि उठायचा प्रयत्न केला.

"बसा, बसा," मी म्हणालो आणि पुढे काय म्हणायचे ते विसरलो. वाटेत दहा वाक्ये जुळवली होती.

"बसा ना गुरुजी. चहा ठेवाले सांगू?"

"नको. मला एक विचारायचे होते. ती बाटली. तुम्ही नेली ती. तिचा रंग कोणता होता?"

तिने सोललेली शेंग टोपलीत टाकली. विचार करायला तिला काहीच वेळ लागला नाही.

"पांढरी. काचेतून अंदरचं दिसे. बारीक बारीक बुडबुडे येत. मी म्हटलं, ताजं हाय, जोर हाय दवाईत. म्हून तं दोन चमचे देल्ले. एका चमच्यानं पोरीचा खोकला हाले नाही. नुसती निळी पडे. मले वाचता थोडंच येते? लेकानं मागून वाचलं, एक चमचा लिवलं होतं म्हने."

लालीबाईने माझ्याकडे पाहिले नाही. ती जमिनीकडे पाहत होती.

"बाई," मी म्हणालो, "ते औषध बिघडलेले होते. बुडबुडे त्याचेच. एक चमचा दिला असता तरी बिघडलेलेच दिले असते. त्यात गूळ होता, लेबलावर मी खडीसाखर लिहिली होती. माझ्या घरातल्या बाटल्यांची बुचे उडाली, तेव्हा मला कळले होते. मी सांगायला आलो नाही."

हे सगळे मी एका दमात बोललो. आयुष्यात इतके सलग मी कोणाशी बोललो नसेन. तानाबाई ऐकत राहिली. तिचा हात टोपलीत तसाच राहिला. मला वाटले ती रडेल किंवा ओरडेल. मी त्याची वाट पाहत होतो, खरे म्हणजे मला ते हवे होते.

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. "मले तं आता सारंच सारखं हाय. हे पुंडलिकाले लिवा."

"लिहितो."

"त्यानं तवाच इचारलं होतं तुमाले. जोडकार्ड धाडलं होतं. रोज पोस्टमनची वाट पाहे तो. दोन महिने पाह्यली. मंग एक दिवस मले म्हने, 'गुरुजी काही लिवत नाहीत म्हंजे दवाईत खोट नसन.'" तिने शेंग उचलली, सोलली. दाणे हातातून निसटून मातीत पडले. "तवापासून मीच."

परतीला तांड्याच्या वाटेशी वळताना लालीबाई म्हणाली, "ते अधिक मीच काढाले सांगतलं होतं. ते बी लिवजा."

"ते लिहिणार नाही," मी म्हणालो. "लेखणी माझ्या हातात होती."

"अरे याडी!" आपल्या बोलीत आईला हाक घालत ती चिडून म्हणाली. "आता तरी डोकं नोका चालवू. लिवून टाका."

घरी येऊन मी ते जोडकार्ड काढले. कोरा भाग पिवळा पडला होता. त्यावर लिहावे असे क्षणभर वाटले, पण जागा पुरणार नव्हती. कागद घेतला. नेहमीप्रमाणे पहिल्यांदा कच्चे लिहिले. वाचून पाहिले तर त्यात माझेच दुःख जास्त होते, माझे वय, माझ्या पत्नीचा मृत्यू, माझा स्वभाव. फाडले. दुसऱ्यांदा लिहिले त्यात "कदाचित" हा शब्द पाच वेळा आला होता. तेही फाडले. मग मी लेबल लिहितो तसे लिहिले.

"पुंडलिकराव यांस. औषध निज श्रावण वद्य ५ चे, म्हणजे सप्टेंबर १९५८ चे. त्या वर्षीची दुसरी खेप. अधिक श्रावणातल्या पहिल्या खेपेची लेबले उरली होती, तीच मी या खेपेला लावली, त्यामुळे तुम्हाला फरक कळणे शक्य नव्हते. आत अडुळसा, रिंगणी, ज्येष्ठमध, बेहडा, पिंपळी, निम्मी खडीसाखर, निम्मा गूळ, थोडा मध. गूळ लेबलावर लिहिलेला नव्हता. पाक पातळ होता. बाटल्या पांढऱ्या होत्या, पण दोष काचेचा नव्हे. त्या पुरत्या वाळल्या नव्हत्या आणि पाक कच्चा होता, म्हणून औषध आंबले. ते आंबल्याचे मला महिन्याच्या आत कळले होते. मी कोणालाही कळवले नाही. तुमचे पत्र आल्यावरही कळवले नाही.

तुमची मुलगी खोकल्याने गेली की औषधाने, हे मला सांगता येत नाही. डांग्या खोकल्यात मुले जातात. पण आंबलेले औषध आजारी मुलाला देणे वाईटच. ते मी दिले. तुमच्या आईने एक चमचा दिला की दोन, याने ते चांगले झाले नसते. तुम्ही विचारले होते की दोष आईचा काय. तो तिचा नाही. सात वर्षांपूर्वी हे लिहायला हवे होते."

खाली सही केली आणि तारीख घातली, १२ डिसेंबर १९६५. पुन्हा वाचले नाही. वाचले असते तर एखादा शब्द बदलावासा वाटला असता.

सकाळी पाकीट घेऊन निघालो. टपाल कचेरीच्या ओट्यावर दोन माणसे कापसाच्या भावाबद्दल बोलत उभी होती. त्यांनी "गुरुजी, नमस्कार" म्हटले. पेटीच्या तोंडाशी पाकीट धरून मी उभा राहिलो. हे पत्र पोहोचल्यावर म्हातारीला नेरला बोलावतील की नाही ते मला माहीत नव्हते. पुंडलिकराव पोलिसात जातील, किंवा इथे येऊन माझ्या ओट्यावर उभे राहतील, किंवा काहीच करणार नाहीत. सात वर्षे एका म्हातारीला दूर ठेवल्यावर मुलाला असे पत्र वाचायला बरे वाटेल असेही नाही. कदाचित मी त्याच्यावर आणखी एक ओझे टाकत होतो.

ओट्यावरचा एक जण म्हणाला, "आत टाका गुरुजी, आता थैली बांधतीन."

मी पाकीट सोडले. ते तळाशी पडल्याचा आवाज आला.